मुलाखतीचा निकाल रखडला असताना रिक्रूटरला ईमेल कसा लिहावा

भरती विभागात काम करत असताना माझ्याकडे आठवड्यातून अनेकदा एकाच प्रकारचा ईमेल येत असे : "मॅडम, माझ्या इंटरव्ह्यूचं काय झालं? प्लीज अपडेट द्या." खाली नाव नसे, कोणत्या पदासाठी मुलाखत झाली तेही नसे, आणि पाठवणाऱ्याच्या ईमेल पत्त्यात नावाऐवजी टोपणनाव आणि जन्मसाल असे. माझ्याकडे एका वेळी पंधरा-वीस जागांची भरती चालू असे आणि प्रत्येक जागेसाठी सहा-सात जण वेगवेगळ्या टप्प्यांवर असत. असा ईमेल कोणाचा आहे हे शोधण्यातच दहा मिनिटे जात, म्हणून तो "नंतर पाहू" म्हणून बाजूला राही. उमेदवाराला मात्र वाटे की आपल्याला मुद्दाम टाळले जात आहे.

जे पहिल्यांदाच नोकरी शोधत आहेत किंवा पहिली नोकरी बदलत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. रिक्रूटर बहुतेक वेळा निकाल देणारा माणूस नसतो, तो निकाल पोहोचवणारा असतो. त्यामुळे "माझी निवड झाली का?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे त्या क्षणी नसतेच. "निर्णय कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे?" या प्रश्नाचे उत्तर मात्र तो देऊ शकतो, किंवा आतल्या माणसाला एक फोन करून मिळवू शकतो. आपल्या ईमेलने नेमके हेच विचारायचे असते.

निकाल कुठे अडतो

मुलाखत संपली की मुलाखत घेणाऱ्यांनी आपला अभिप्राय लिहून द्यायचा असतो. हा फीडबॅक फॉर्म दोन-दोन दिवस, कधी आठवडाभर भरला जात नाही, कारण मुलाखत घेणाऱ्याचे मूळ काम वेगळे असते आणि त्याच्या प्लांटवर किंवा प्रोजेक्टवर रोज नवी अडचण उभी राहते. फॉर्म आला तरी त्याच पदाच्या इतर उमेदवारांच्या मुलाखती बाकी असू शकतात. त्यानंतर पगाराच्या आकड्याला वरून मंजुरी लागते. काही वेळा तिमाही संपत आल्यामुळे किंवा वरिष्ठ बदलल्यामुळे ती जागाच काही काळ थांबवली जाते, याला बोलीत "पोझिशन होल्डवर गेली" असे म्हणतात.

आणखी एक कारण उमेदवारांना सहसा सांगितले जात नाही. ऑफर पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला गेलेली असते आणि त्याचे उत्तर आलेले नसते. दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या उमेदवाराला अशा वेळी नकारही देता येत नाही आणि होकारही देता येत नाही, म्हणून त्याला "अजून प्रोसेसमध्ये आहे" एवढेच कळवले जाते. हे उत्तर आले म्हणजे आपण बाद झालो, असा अर्थ काढू नये. आपण दुसऱ्या क्रमांकावर असण्याची शक्यता त्यात असते, त्याहून अधिक काही त्यातून कळत नाही.

केव्हा लिहावे

खरे तर या ईमेलची तयारी मुलाखतीच्या खोलीतच सुरू होते. मुलाखत संपताना "पुढचा टप्पा कोणता आणि साधारण केव्हापर्यंत कळेल?" असे शांतपणे विचारावे आणि मिळालेले उत्तर बाहेर आल्याबरोबर तारखेसह लिहून ठेवावे. तारीख दिली गेली असेल, तर ती उलटून कामाचे दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग लिहावे. तारीख दिलीच नसेल, तर मुलाखतीनंतर कामाचे सहा-सात दिवस थांबणे योग्य. त्याआधी लिहिल्यास रिक्रूटरकडे सांगण्यासारखे काही नसते, आणि दोन-तीन आठवड्यांनी लिहिल्यास तुमची इच्छा उरली नाही असे समजून त्याने पुढची नावे हाताळायला घेतलेली असू शकतात.

दिवस मोजताना मात्र कॅलेंडर आपले नव्हे, त्या कंपनीचे धरावे. एक प्रकरण तपशिलात पाहू. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत चार वर्षे काम केलेल्या एका क्वालिटी इंजिनिअरची चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दुसरी फेरी झाली, बुधवारी, 20 ऑगस्ट 2025 रोजी. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "पुढच्या बुधवारपर्यंत कळवते." तो पुढचा बुधवार म्हणजे 27 ऑगस्ट, त्या वर्षीची गणेश चतुर्थी, म्हणजे सुट्टी. पुणे परिसरातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. हा कारखानाही त्यातलाच होता, म्हणून 28 तारीखही गेली. कामाचा पहिला दिवस उजाडला शुक्रवारी, 29 तारखेला, आणि त्याही दिवशी निम्मा स्टाफ गावी. गुरुवारी सकाळी ती इंजिनिअर ईमेल लिहायला बसली होती. मी तिला थांबायला सांगितले आणि मंगळवार, 2 सप्टेंबर हा दिवस ठरवला. सोमवार टाळला, कारण सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी आलेला ईमेल इतर पन्नास ईमेलखाली गाडला जातो.

वेळ सकाळी दहा ते साडेअकराची चांगली. रात्री साडेबारा वाजता मनातली तगमग ईमेलमध्ये उतरते, म्हणून मसुदा रात्री लिहिला तरी पाठवावा सकाळी, पुन्हा एकदा वाचून.

कोणाला लिहावे आणि कुठे

ज्या व्यक्तीने मुलाखतीची वेळ ठरवली, तिलाच लिहावे. मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरला परस्पर लिहू नये आणि त्याला सीसीमध्येही ठेवू नये. त्यामुळे रिक्रूटरला आपली तक्रार वर गेली असे वाटते, आणि मॅनेजर तो ईमेल शेवटी रिक्रूटरकडेच पाठवतो.

तुमचे नाव एखाद्या कन्सल्टन्सीमार्फत गेले असेल, तर लिहायचे ते कन्सल्टन्सीतल्या व्यक्तीला. कंपनीने त्यांच्याशी केलेल्या व्यवहारानुसार उमेदवाराशी बोलणे त्यांच्याकडून होत असते, आणि निवड झाल्यावर त्यांना शुल्क मिळत असल्यामुळे पाठपुरावा करण्यात त्यांचाही फायदा असतो. कन्सल्टन्सीला वगळून थेट कंपनीत लिहिल्यास दोघांचाही गैरसमज होतो.

नवा ईमेल सुरू करण्याऐवजी, मुलाखत निश्चित झाल्याचे ज्या ईमेलने कळले होते त्यालाच रिप्लाय करावा. विषयाच्या ओळीत `Re:` आपोआप येईल आणि खाली जुना पत्रव्यवहार राहील. रिक्रूटरला तुमचे पद, तारीख, कधी कधी तुमचा रेझ्युमेसुद्धा त्याच साखळीत मिळतो, त्याला काहीही शोधावे लागत नाही. पाठवण्याआधी "टू"च्या रकान्यात काय आले आहे हे पाहणे मात्र आवश्यक आहे. भरतीच्या सॉफ्टवेअरमधून गेलेली निमंत्रणे पुष्कळदा `noreply` किंवा `no-reply` अशा पत्त्यावरून येतात. त्याला दिलेले उत्तर कोणीही वाचत नाही, आणि उमेदवार मात्र दोन आठवडे वाट पाहत राहतो. अशा वेळी कॅलेंडरमधल्या मुलाखतीच्या नोंदीत आयोजक म्हणून कोणाचा पत्ता आहे ते पाहावे. तो बहुतेकदा खऱ्या माणसाचा असतो. तोही नसेल, तर ज्या क्रमांकावरून तुम्हाला मुलाखतीचा फोन आला होता त्या क्रमांकावर कामाच्या वेळेत फोन करून ईमेल पत्ता मागावा.

प्रत्यक्ष मजकूर

त्या इंजिनिअरने लिहिलेला पहिला मसुदा असा होता :

"आदरणीय मॅडम, आपल्या बहुमूल्य वेळेतून वेळ काढून माझी मुलाखत घेतल्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे. मला या नोकरीची खूप गरज आहे. बरेच दिवस झाले तरी काही कळले नाही. मी निवडले गेले आहे की नाही हे कृपया लवकरात लवकर सांगावे. त्रास दिल्याबद्दल क्षमस्व."

हे वाचून तिची कळकळ समजते, पण रिक्रूटरला उपयोगी पडेल अशी एकही गोष्ट त्यात नाही. पद नाही, तारीख नाही, फेरी कोणती ते नाही. "बरेच दिवस" म्हणजे किती, हे वाचणाऱ्याने मोजायचे. गरजेचा उल्लेख केल्याने निर्णय बदलत नाही, उलट पुढे पगाराची बोलणी होतील तेव्हा तोच उल्लेख तुमची बाजू कमकुवत करतो. "लवकरात लवकर" हा शब्द वरून विनंतीसारखा दिसला तरी कानाला हुकमासारखा लागतो. आणि शेवटी क्षमा मागण्याचे काहीच कारण नाही. कंपनीने सांगितलेली तारीख उलटल्यावर मुलाखत दिलेल्या माणसाने विचारणा करणे हा साधा कार्यालयीन व्यवहार आहे.

दुरुस्त करून पाठवलेला ईमेल असा :

विषय : Re: सीनियर क्वालिटी इंजिनिअर, चाकण प्लांट – दुसरी फेरी, 20 ऑगस्ट

नमस्कार मॅडम,

सीनियर क्वालिटी इंजिनिअर या पदासाठी बुधवार, 20 ऑगस्ट रोजी चाकण प्लांटमध्ये क्वालिटी हेड यांच्यासमोर माझी दुसरी फेरी झाली. निर्णय 27 ऑगस्टपर्यंत कळेल, असे आपण त्या दिवशी सांगितले होते.

मधल्या गणपतीच्या सुट्ट्यांमुळे हे काम थोडे पुढे गेले असेल, याची मला कल्पना आहे. निर्णय साधारण कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे, आणि त्याआधी माझ्याकडून एखादे कागदपत्र किंवा माहिती हवी आहे का, एवढे कळवावे ही विनंती.

या पदावर काम करण्याची माझी इच्छा कायम आहे. माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे.

आपली,
(पूर्ण नाव)
(मोबाइल क्रमांक)

यातली पहिली दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची आहेत. रिक्रूटर हा ईमेल बहुधा मोबाइलवर, दोन बैठकांच्या मधल्या वेळेत पाहते. यादीत तिला पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि मजकुराच्या पहिल्या काही शब्दांपलीकडे काही दिसत नाही. आभाराच्या लांब वाक्याने सुरुवात केली, तर ते शब्द आभारातच संपतात आणि ईमेल उघडण्याचे कारण समोर येत नाही. इथे मात्र पद, वार, तारीख आणि फेरी उघडण्याआधीच दिसते. आभाराचा ईमेल मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी वेगळा पाठवायचा असतो. तो राहून गेला असेल तर आता त्याची भरपाई करू नये.

"आपण सांगितले होते" या वाक्यात आरोप येऊ देऊ नये. "आपण 27 पर्यंत सांगतो म्हणाला होतात, पण अजून सांगितले नाही" यातला "पण" टोचतो. तारीख नुसती आठवण म्हणून सांगावी आणि लगेच पुढच्या वाक्यात उशिराचे एखादे खरे, संभाव्य कारण आपणच मान्य करावे. त्यामुळे समोरच्याला स्पष्टीकरण द्यावे लागत नाही आणि तो सरळ उत्तराकडे वळतो. कारण ठाऊक नसेल तर ते कल्पनेने लिहू नये, ते वाक्य सरळ गाळावे.

कागदपत्रांबद्दलचा प्रश्न वरवर जादा वाटतो, पण त्याचा एक उपयोग असतो. फाइल खरोखरच तुमच्या बाजूने अडलेली असू शकते : शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका हव्या असतात, किंवा अर्जातला एखादा रकाना रिकामा राहिलेला असतो आणि कोणी ते कळवलेले नसते. शिवाय निर्णयाची तारीख सांगता येत नसली, तरी या प्रश्नाला "नको, सगळे मिळाले आहे" असे उत्तर देणे रिक्रूटरला सोपे जाते, आणि निदान आपला ईमेल पोहोचला हे कळते.

नोटीस पिरियड लिहिण्याचे कारण व्यवहाराचे आहे. तुम्ही केव्हा रुजू होऊ शकता यावर जागा भरण्याचे वेळापत्रक ठरते, आणि हा आकडा शोधायला पुन्हा अर्ज उघडावा लागू नये. पगाराचा आकडा मात्र या ईमेलमध्ये आणू नये.

बहुतेक खाजगी कंपन्यांत हा पत्रव्यवहार इंग्रजीतून चालतो. तुम्हाला निमंत्रण ज्या भाषेत आले त्याच भाषेत उत्तर द्यावे. वाक्यांचा क्रम हाच ठेवावा आणि इंटरनेटवरचे अलंकारिक नमुने उतरवण्याऐवजी छोटी, साधी वाक्ये लिहावीत. नमुना उतरवताना आधीच्या कंपनीचे नाव तसेच राहून गेल्याची उदाहरणे मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहेत, आणि अशा ईमेलला काय उत्तर द्यावे हे खरोखरच सुचत नसे.

हातात दुसरी ऑफर असेल तर

ही गोष्ट लपवू नये, पण ती खरी आणि लेखी असेल तेव्हाच लिहावी. त्या इंजिनिअरला 1 सप्टेंबरला दुसऱ्या एका कंपनीची ऑफर आली होती आणि उत्तर द्यायला 12 तारखेपर्यंत मुदत होती. तिच्या ईमेलमध्ये शेवटच्या परिच्छेदाआधी आम्ही एक वाक्य घातले : "मला दुसऱ्या एका कंपनीकडून लेखी ऑफर आली असून तिला 12 सप्टेंबरपर्यंत उत्तर द्यायचे आहे, माझी पहिली पसंती आपल्याकडील पदाला असल्यामुळे त्याआधी स्थिती कळल्यास मला मदत होईल." कंपनीचे नाव नाही, आकडा नाही, "नाहीतर" नाही. या वाक्याचा उपयोग असा की रिक्रूटरला तेच वाक्य उचलून मॅनेजरला पाठवता येते आणि अडलेला फीडबॅक मागवायला तिच्या हातात एक तारीख येते.

खोटी ऑफर लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. रिक्रूटर ऑफर लेटरची प्रत मागू शकते, आणि कंपनीला तेवढी घाई नसेल तर ती सरळ "मग आपण ती ऑफर स्वीकारावी" असे कळवून फाइल बंद करते. तेव्हा मागे फिरायला वाट राहत नाही.

पाठवल्यानंतर

वाचल्याची पोच मागणारी खूण आणि तातडीची लाल खूण, दोन्ही टाळाव्यात. त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर "मेल केला आहे, बघा" असेही लिहू नये. कामाचे दोन-तीन दिवस थांबावे आणि या काळात स्पॅमचा फोल्डर रोज उघडून पाहावा, कारण सॉफ्टवेअरमधून आलेली उत्तरे तिथे जाऊन पडतात.

उत्तर आले आणि त्यात तारीख असेल, तर एका ओळीत पोच द्यावी आणि ती तारीख जाईपर्यंत काहीही लिहू नये. उत्तर आलेच नाही, तर कामाच्या पाच-सहा दिवसांनी त्याच साखळीत दुसरा, आणखी लहान ईमेल पाठवावा : "2 सप्टेंबरच्या ईमेलसंदर्भात पुन्हा विचारणा करत आहे. निर्णयाची अपेक्षित तारीख कळू शकेल का?" त्यालाही उत्तर न आल्यास एकदा फोन करावा, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, आणि तोच प्रश्न विचारावा. त्यानंतर थांबावे आणि इतर ठिकाणचे अर्ज चालू ठेवावेत. दोन ईमेल आणि एक फोन यांपुढे गेल्यावर उत्तर लवकर मिळाल्याचे मी पाहिलेले नाही. तुमच्या नावापुढे "वारंवार फोन करतात" अशी नोंद झालेली मात्र पाहिली आहे. सध्याच्या नोकरीचा राजीनामा या सगळ्या काळात देऊ नये. फोनवर "तुमचे झाले समजा" असे कोणी म्हटले, तरी लेखी ऑफर लेटर हातात येईपर्यंत काहीही झालेले नसते.

निकालाची वाट पाहणाऱ्यांना गाठणारे फसवे ईमेलही याच काळात येतात. कंपनीच्या नावाशी मिळताजुळता पत्ता, "तुमची निवड झाली आहे" असा मजकूर, आणि लॅपटॉपच्या किंवा ट्रेनिंगच्या अनामत रकमेची मागणी, असे त्यांचे स्वरूप असते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला `@` नंतरचा भाग तुमच्या निमंत्रणातल्या पत्त्याशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहावा, आणि पैसे मागितले असतील तर उत्तर न देता तुमच्या मूळ रिक्रूटरला फोन करून खात्री करावी.

त्या इंजिनिअरला 3 सप्टेंबरला दुपारी उत्तर आले : क्वालिटी हेड गणपतीला कोकणात गेले होते, त्यांचा फीडबॅक सोमवारी, 8 तारखेला मिळेल आणि निर्णय 10 पर्यंत कळवला जाईल. 10 तारखेला कळवले गेले की या वेळी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. तिच्याकडे दोन दिवस शिल्लक होते, तिने दुसरी ऑफर वेळेत स्वीकारली आणि चाकणच्या मॅडमना दोन वाक्यांचे उत्तर पाठवले : वेळेत कळवल्याबद्दल आभार, आणि पुढे सप्लायर क्वालिटीशी संबंधित जागा निघाल्यास माझा विचार व्हावा.

नकाराला दिलेले हे उत्तर बहुतेक जण पाठवत नाहीत, आणि तेच पाठवावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. निवडलेल्या उमेदवाराचा नोटीस पिरियड साठ-नव्वद दिवस चालतो आणि त्या काळात तो दुसरीकडे जाऊ शकतो. जागा पुन्हा उघडली की रिक्रूटर आधी जुनी यादी काढते. नकारानंतर दोन-तीन महिन्यांनी तेच पद पुन्हा जाहिरातीत दिसले, तर नवा अर्ज भरण्याआधी त्याच जुन्या साखळीत रिप्लाय करावा, पद आणि आधीच्या फेरीची तारीख लिहावी, आणि आता आपला नोटीस पिरियड किती आहे ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे.